९९ चा शंभरावा घात मोठा की १०० चा ९९ वा?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक कोडं आलं. ९९ चा १०० वा घात मोठा, की १०० चा ९९ वा घात? कॅल्क्युलेटर वापरायचा नाही. तासाभरात बहुतेकांचा कल १०० च्या बाजूने पडला. गुणायची संख्या मोठी आहे, आणि गुणाकार एकानेच तर कमी आहे! एका काकांनी दाखलाही दिला: २ चा घन ८, पण ३ चा वर्ग ९. मोठी संख्या पायात असली की जिंकते.

माझी भाची बारावीत आहे. तिने कागदावर पुढची जोडी मांडली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "मामा, ३ चा चौथा घात ८१ आणि ४ चा घन ६४. इथे तर लहान पायाच जिंकला की!"

म्हणजे २ आणि ३ यांच्यात मोठा पाया जिंकतो, ३ आणि ४ यांच्यात लहान. मधे कुठेतरी वारं फिरलं. ते नेमकं कुठे फिरलं आणि पुढे पुन्हा फिरतं का, एवढं कळलं की कोडं सुटलं. दोनशे अंकी संख्यांना हात लावायची गरजच नाही.

आधी कोड्याचं रूप बदलू. दोन्ही संख्यांचा नैसर्गिक लॉग घेतला की घात खाली उतरतो, आणि तुलना 100·ln 99 आणि 99·ln 100 यांची होते. दोन्हींना 99 × 100 ने भागलं की उरतं:

ln 99 / 99 आणि ln 100 / 100

दोन्हीकडे एकच साचा आहे. त्याला नाव देऊ: f(x) = ln x / x. x च्या जागी ९९ ठेवा, मग १०० ठेवा. ज्याची किंमत मोठी, त्याचा पाया जिंकला. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की ९९ वरून १०० कडे जाताना हे फंक्शन चढतं की उतरतं.

चढ-उतार विकलज सांगतो, म्हणजे डेरिव्हेटिव्ह. भागाकाराचा नियम लावला की

f'(x) = (1 − ln x) / x²

आता f'(x) > 0 ही असमानता सोडवायची. छेदात x² आहे. x शून्यापेक्षा मोठा असल्यामुळे (नाहीतर लॉगच घेता येत नाही) छेद कायम धन. त्यामुळे अपूर्णांकाचं चिन्ह ठरवणं पूर्णपणे अंशाच्या हातात. 1 − ln x > 0, म्हणजे ln x < 1, म्हणजे x < e. e म्हणजे सुमारे २.७१८.

शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबू. ln x < 1 वरून x < e लिहिताना असमानतेची दिशा तशीच का ठेवली? कारण ln हे स्वतःच चढतं फंक्शन आहे, त्याचा विकलज 1/x इथे नेहमी धन. चढतं फंक्शन क्रम बिघडवत नाही. उतरतं असतं तर चिन्ह उलटवावं लागलं असतं.

आता भाचीने संख्यारेषा काढली: डावीकडे ०, मधे e. e च्या डाव्या तुकड्यावर तिने अधिकचं चिन्ह मांडलं, उजव्या तुकड्यावर उणेचं. पडताळा म्हणून एकेक संख्या घालून पाहिली. x = 1 ला अंश 1 − 0, धन. x = 10 ला अंश 1 − 2.30, ऋण. म्हणजे फंक्शन e पर्यंत चढतं, तिथून पुढे कायम उतरतं. वारं फिरलं ते २.७१८ ला, आणि पुन्हा कधीच फिरत नाही. ९९ आणि १०० दोन्ही e च्या उजवीकडे आहेत, तेव्हा f(99) मोठं. कोडं सुटलं: ९९ चा १०० वा घात मोठा.

इथे तिने विचारलं, "पण १० ला उणे आलं म्हणून ९९ लाही उणेच असेल, हे कशावरून?" प्रश्न अगदी बरोबर जागी पडला होता. विकलज इथे अखंड आहे, मधे कुठे तुटत नाही. अखंड राशी धनाची ऋण व्हायची तर तिला वाटेत शून्याला शिवावंच लागतं. आपला विकलज शून्य होतो फक्त e ला. तेव्हा e च्या पलीकडे एका ठिकाणी उणे आलं की सगळीकडे उणेच. एक संख्या घालून अख्ख्या तुकड्याचा निकाल लागतो तो यामुळेच.

आता या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग. विकलज हा एका बिंदूपाशी असलेला उतार. ९९ पाशी आलेख खाली झुकलेला आहे हे कळलं, पण १०० हा दुसरा बिंदू आहे. एका बिंदूपाशी काय होतं त्यावरून दोन बिंदूंमधली तुलना कशी करता येते? हा पूल लाग्रांजच्या मध्यमान प्रमेयाने बांधला आहे. ते म्हणतं की ९९ आणि १०० यांच्यामधे एखादा c असा नक्की असतो, की

f(100) − f(99) = f'(c) × (100 − 99)

साध्या भाषेत सांगायचं तर सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा सरासरी उतार जेवढा असतो, नेमका तेवढाच उतार वाटेत कुठेतरी असतो. घाटातून गाडी उतरली आणि सरासरी उतार अमुक निघाला, तर वाटेत एखाद्या जागी रस्त्याचा उतार बरोबर तेवढा असणारच.

हा c कुठे आहे ते प्रमेय सांगत नाही. आणि खरी गंमत ही की आपल्याला ते कळायची गरजही नाही. c कुठेही असो, तो ९९ ते १०० या तुकड्यात आहे, आणि त्या तुकड्यात f' सगळीकडे ऋण आहे. म्हणून f'(c) ऋण, म्हणून डावी बाजू ऋण, म्हणून f(100) लहान. किंमत माहीत नाही, जागा माहीत नाही, तरी चिन्ह ठाम माहीत आहे, आणि निकालाला तेवढं पुरतं. असमानता सोडवून चिन्ह वाचायच्या पद्धतीचा सगळा जीव या एका ओळीत आहे. ज्याला आकडे पाहायचेत त्याच्यासाठी: f(99) सुमारे ०.०४६४१५, f(100) सुमारे ०.०४६०५२, फरक उणे ०.०००३६४. ९९.५ पाशी विकलज काढला तर तोही उणे ०.०००३६४ च्या आसपास येतो.

हाच पूल कधी तुटतो तेही यातून दिसतं. 1/x घ्या. त्याचा विकलज −1/x², म्हणजे जिथे आहे तिथे ऋणच. मग ते सगळीकडे उतरतं म्हणायचं का? −१ ला किंमत −१, आणि १ ला किंमत १. उतरायचं सोडून वर गेलं! कारण मधे ० पाशी फंक्शनच नाही, वाट तुटलेली आहे, प्रमेय लावता येत नाही. शून्याच्या डावीकडे ते उतरतं आणि उजवीकडेही उतरतं, पण दोन तुकडे जोडून "सगळीकडे" म्हणता येत नाही. चिन्हाचा निकाल एका सलग तुकड्यापुरताच असतो.

विकलजाचं चिन्ह आणि विकलजाचं मोठेपण यांची गल्लत तर रोज वर्तमानपत्रात होते. एप्रिल २०२२ मध्ये देशातली किरकोळ महागाई ७.७९ टक्के होती, एप्रिल २०२४ मध्ये ४.८३ टक्के. "महागाई घटली" अशी बातमी आली की लोक चिडून विचारतात, मग तेल-डाळ स्वस्त का नाही झाली? महागाईचा दर हा वर्षभरात किमती किती टक्के वाढल्या ते सांगतो, म्हणजे तो किमतीच्या उताराचा भाऊबंद. ७.७९ चे ४.८३ झाले तरी चिन्ह धनच राहिलं, तेव्हा किमती वाढतच होत्या, फक्त सावकाश. आपल्या फंक्शनमध्येही हेच घडतं. x = 1 ला विकलज १ असतो, x = 2 ला जेमतेम ०.०७७ उरतो, तरी फंक्शन चढतंच आहे.

आता थोडं कडक बोलतो, कारण याने मुलांचं नुकसान होतं. "दहा सेकंदांत इन्क्रीजिंग-डिक्रीजिंग" असे व्हिडिओ मोबाइलवर सारखे येतात. त्यातली युक्ती अशी: विकलज शून्य होतो ते बिंदू रेषेवर मांडा, सर्वांत उजव्या तुकड्यावर अधिक लिहा, मग डावीकडे येताना एकाआड एक उणे, अधिक, उणे. भाचीच्या वहीत हेच होतं, आणि फंक्शन होतं f(x) = 3x⁴ − 4x³. त्याचा विकलज

f'(x) = 12x³ − 12x² = 12x²(x − 1)

शून्य होतो तो ० आणि १ ला. युक्तीप्रमाणे १ च्या पुढे अधिक, ० ते १ उणे, ० च्या मागे पुन्हा अधिक. उत्तर आलं: शून्यापर्यंत चढतं, मग १ पर्यंत उतरतं, मग चढतं. मी तिला −१ आणि ० घालून बघायला सांगितलं. f(−1) = 3 + 4 = 7, आणि f(0) = 0. चढतं म्हणायचं आणि ७ वरून ० वर यायचं?

चूक x² मध्ये आहे. x − 1 हा अवयव १ ओलांडताना चिन्ह बदलतो. x² मात्र शून्याच्या दोन्ही बाजूंना धनच असतो, तो ० ला फक्त टेकतो आणि परत फिरतो. त्यामुळे विकलज ० ला शून्य होतो खरा, पण अलीकडे-पलीकडे ऋणच राहतो. फंक्शन १ पर्यंत सलग उतरतं, ० पाशी क्षणभर आडवं होतं एवढंच. सम घाताचा अवयव असला की चिन्ह पालटत नाही, विषम घाताचा असला की पालटतं. आणि सर्वांत उजवीकडे अधिकच असतं हेही खोटं. आपल्या ln x / x मध्ये तर उजवीकडे उणे आहे. प्रत्येक तुकड्यात एक संख्या घालून पाहायला दहा सेकंदांऐवजी चाळीस लागतील, पण उत्तर स्वतःचं असेल.

ग्रुपवर उत्तर टाकल्यावर काकांना पटवायचं होतं, म्हणून अंक मोजले. १०० चा ९९ वा घात म्हणजे १ वर १९८ शून्यं, एकूण १९९ अंक. ९९ चा १०० वा घात २०० अंकी, जवळजवळ ३६.६ पट मोठा.

काकांनी लगेच पुढचा चेंडू टाकला: मग २.५ आणि ३? इथे २.५ आहे e च्या डावीकडे आणि ३ उजवीकडे. आधी चढ, मग उतार, आणि दोघांतलं कोण उंच ते चिन्हाला सांगता येत नाही. आकडेच काढावे लागतात. २.५ चा घन १५.६२५, आणि ३ चा २.५ वा घात १५.५८८ च्या आसपास. २.५ जिंकला, तोही अगदी निसटता. त्याच्या जागी २.४ घेतला असता तर ३ जिंकला असता, आणि पारडं फिरतं ते साधारण २.४७८ ला.