सूर्याला अर्घ्य आणि सूर्यत्राटक: गल्लत नको

रथसप्तमी जवळ आली की एक सल्ला हमखास कानावर येतो: तांब्यातून पाणी सोडताना धारेतून सूर्याकडे टक लावून बघा, नजर सुधारते. या सल्ल्यात दोन निराळ्या गोष्टी कालवल्या आहेत. पाणी सोडणं हे अर्घ्य, टक लावणं हे त्राटक.

घरी आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला देतात ते पाद्य, हात धुवायला देतात ते अर्घ्य. षोडशोपचार पूजेत देवालाही हेच क्रमाने देतात. म्हणजे सूर्याला अर्घ्य देणं हे उगवत्या पाहुण्याचं स्वागत आहे. संध्येतल्या अर्घ्याला आणखी एक कथा जोडलेली आहे. मंदेह नावाचे राक्षस सूर्याला अडवतात आणि गायत्री म्हणून ओंजळीने वर टाकलेलं पाणी वज्र होऊन त्यांना हटवतं, असं तैत्तिरीय आरण्यक सांगतं. सकाळच्या संध्येची उत्तम वेळ तारे दिसत असतानाची, सूर्य वर आल्यानंतरची सगळ्यात कनिष्ठ. उत्तम वेळ पाळली तर बघायला सूर्यच नसतो! उलट मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात उगवता, मावळता, ग्रहणातला, पाण्यात पडलेला आणि डोक्यावर आलेला सूर्य बघू नये असं स्पष्ट म्हटलं आहे.

त्राटकाचं मूळच वेगळं. हठयोगातल्या षट्कर्मांपैकी ती एक क्रिया. हठयोगप्रदीपिकेत तिचं वर्णन एका श्लोकात आहे: सूक्ष्म लक्ष्याकडे डोळ्यांत पाणी येईपर्यंत निश्चल बघणं. त्या श्लोकात सूर्याचं नावही नाही.

घरी अर्घ्य द्यायचं तर आंघोळीनंतर तांब्याच्या कलशात पाणी घ्या, त्यात चिमूटभर कुंकू, थोड्या अक्षता आणि मिळालं तर एखादं लाल फूल घाला. पूर्वेकडे तोंड करून उभं राहा आणि दोन्ही हातांनी कलश उचलून सावकाश धार सोडा. ‘एहि सूर्य सहस्रांशो तेजोराशे जगत्पते। अनुकम्पय मां भक्त्या गृहाणार्घ्यं दिवाकर॥’ एवढा श्लोक पुरतो. धार पायावर पडू नये म्हणून खाली ताम्हण किंवा कुंडी ठेवा. गॅलरीत तर हे हवंच, नाहीतर कुंकवाचं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातं. नजर धार पडते तिथे, ताम्हणात. माझी आजी कलश कपाळापर्यंत न्यायची आणि तिथे डोळे मिटून घ्यायची. रिकामा झाल्यावरच उघडायची.

धारेतून बघितलं तर पाणी किरण गाळून घेतं, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. स्वच्छ पाण्यातून दृश्य प्रकाश जवळजवळ जसाच्या तसा पार होतो, आणि डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, इजा करणारा निळा प्रकाश त्यातच असतो. बोटाएवढी धार तो अडवत नाही. शिवाय धार हलते, मधूनमधून तुटते आणि सूर्य थेट डोळ्यात येतो.

‘कोवळा सूर्य चालतो’ हेही शहरात फसवं ठरतं. क्षितिजावरचा लालसर गोळा मंद असतो, कारण तिथून येणारा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे 38 पट हवेतून येतो. आता समजा समोर इमारत आहे. हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. इमारत दीड मूठ उंच दिसत असेल, तर आपल्याकडे सूर्य तिच्या माथ्यावर यायला उगवल्यापासून तासाभराहून थोडा जास्त वेळ जातो. तोवर प्रकाशाच्या वाटेतली हवा उरते चौपटीच्या आसपास. तुमच्यासाठी तो ‘आत्ता उगवला’, डोळ्यासाठी मात्र तो दिवसाचा सूर्य असतो.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, म्हणून इजा होताना काहीच दुखत नाही. बघून झाल्यावर दिसणारा रंगीत ठिपका काही मिनिटांत विरतो. खरी इजा झाली असेल तर ती काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी लक्षात येते. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहा, एकेक डोळा झाका आणि एकाच तारखेवर नजर ठेवा. मधली तारीखच पुसट झाली, तिथे डाग दिसला किंवा चौकटीच्या रेषा वाकड्या वाटल्या, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि सूर्याकडे बघितलं होतं हे आपणहून सांगा. ओसीटी नावाच्या तपासणीत पडद्याच्या मध्यबिंदूची इजा दिसू शकते. त्यावर खात्रीचा उपचार नाही. बऱ्याच जणांची नजर काही महिन्यांत सुधारते, काहींचा डाग कायम राहतो.