रक्तदाबाच्या एका ओळीमागचा इतिहास: उद्दीपक, ग्राही, नियंत्रण केंद्र आणि प्रभावक यांची चौकट कशी घडली

मानवी शरीरक्रियाविज्ञानाच्या टिपणांत प्रत्येक संस्थेसाठी चार रकान्यांचा एक तक्ता दिलेला असतो. पहिल्या रकान्यात उद्दीपक, म्हणजे शरीरात झालेला बदल. दुसऱ्यात तो बदल टिपणारा ग्राही. तिसऱ्यात निर्णय घेणारे नियंत्रण केंद्र. आणि चौथ्यात प्रत्यक्ष कृती करणारा प्रभावक अवयव. त्यानंतर एक बाण पुन्हा पहिल्या रकान्याकडे वळतो, कारण कृतीमुळे मूळचा बदल कमी होतो. यालाच ऋण प्रत्याभरण म्हणतात. तापमान, रक्तातील साखर, श्वसन, रक्तदाब, पाण्याचे प्रमाण अशा सर्वच विषयांसाठी हा एकच साचा वापरला जात असल्यामुळे तो कोणा एका शास्त्रज्ञाने एकदाच आखून दिला असावा, असे वाटू शकते. प्रत्यक्षात हे रकाने आणि हा बाण वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या प्रश्नांच्या शोधातून आले आहेत. त्यांतला सांधा सर्वांत स्पष्ट दिसतो तो रक्तदाबाच्या ओळीत, म्हणून येथे तीच ओळ उलगडली आहे.

यातला ग्राही आणि प्रभावक हा भाग प्रतिक्षिप्त क्रियांच्या अभ्यासातून आला. चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत प्रतिक्षिप्त क्रियेचे तीन घटक मानले: सुरुवात करणारा ग्राही, संदेश वाहून नेणारा मज्जामार्ग आणि कृती करणारा अवयव. त्यांचे लक्ष प्रामुख्याने स्नायूंच्या हालचालींवर होते. काटा टोचल्यावर पाय मागे खेचला जातो, यात संदेश आत जातो आणि आज्ञा बाहेर येते. काही राशी स्थिर राखायची आहे, ही कल्पना त्या मांडणीच्या केंद्रस्थानी नव्हती.

स्थिरतेची कल्पना दुसऱ्या वाटेने आली. पेशी ज्या द्रवात जगतात, त्याला क्लॉड बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शरीराचे आंतरिक वातावरण म्हटले आणि पुढे, 1878 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, त्याची स्थिरता ही मुक्त जीवनाची अट असल्याचे मांडले. वॉल्टर कॅनन यांनी 1926 साली या स्थिरतेसाठी होमिओस्टॅसिस, म्हणजे समस्थिती, हा शब्द वापरला आणि 1929 साली त्यावर सविस्तर लेख लिहिला. स्थिरता म्हणजे गोठलेपण नव्हे, तर सतत चालणाऱ्या दुरुस्त्यांनी मर्यादेत राखलेली अवस्था, हा मुद्दा कॅनन यांनी अनेक उदाहरणांनी पटवून दिला. मात्र त्या दुरुस्तीचा आराखडा कसा असतो, हे सांगण्यासाठी त्यांनी अभियंत्यांची भाषा वापरली नव्हती.

रक्तदाबाच्या बाबतीत ग्राही नेमका कुठे आहे, हे शोधण्याचे काम शेरिंग्टन आणि कॅनन यांच्याही आधीपासून सुरू होते. 1866 साली लाइपझिग येथे एली त्सियोन आणि कार्ल लुडविग यांनी सशाच्या मानेतील एक बारीक मज्जातंतू कापला आणि त्याचे मेंदूकडचे टोक विजेने उद्दीपित केले. त्याबरोबर रक्तदाब खाली आला आणि हृदयाचे ठोके मंदावले. हा तंतू हृदयाकडे आज्ञा नेत नव्हता, तर हृदयाजवळच्या भागाकडून बातमी मेंदूकडे नेत होता. पुढे ती बातमी महाधमनीच्या कमानीतील ग्राहींची असल्याचे स्पष्ट झाले.

दुसरे ठिकाण सापडायला अधिक वेळ लागला. मानेवर विशिष्ट जागी दाब दिला की ठोके मंदावतात, हे माहीत होते; पण हाताखाली ठोके मंदावणारा व्हेगस मज्जातंतू दाबला जातो म्हणून असे घडते, असे बराच काळ मानले गेले. हाइनरिश हेरिंग यांनी 1920च्या दशकात ही समजूत मोडली. मुख्य कॅरॉटिड धमनी जिथे दुभंगते तिथे तिची भिंत किंचित फुगलेली असते. या जागेला कॅरॉटिड सायनस म्हणतात. परिणाम घडतो तो या भिंतीच्या ताणामुळे आणि ती बातमी एका वेगळ्या बारीक मज्जातंतूतून मेंदूकडे जाते, हे त्यांनी दाखवले. कॉर्नेय हेमान्स यांना 1938 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते श्वसनाच्या नियमनात याच सायनसची आणि महाधमनीतील यंत्रणेची भूमिका दाखवल्याबद्दल. दरम्यान 1932 साली डेटलेव्ह ब्रॉन्क आणि जी. स्टेला यांनी सायनसच्या मज्जातंतूतील विद्युत स्पंदने नोंदवली. दाब वाढला की स्पंदने वाढतात, उतरला की कमी होतात, हे आता प्रत्यक्ष दिसू लागले.

या प्रयोगांमुळे एक बारकावा ठामपणे पुढे आला, आणि तो तक्त्यात बहुतेक वेळा हरवतो. हे ग्राही दाब मोजत नाहीत. धमनीची भिंत किती ताणली गेली, ते मोजतात. शिवाय रक्तदाब उतरला की हे ग्राही उद्दीपित होत नाहीत, तर शांत होतात. मेंदूला धोक्याची सूचना मिळते ती नवा संदेश आल्यामुळे नव्हे, तर नेहमीचा संदेश विरळ झाल्यामुळे. ‘रक्तदाब कमी झाल्याने ग्राही उद्दीपित होतात’ असे उत्तर विद्यार्थी लिहितात, ते तक्त्यातील बाण सगळीकडे एकाच अर्थाने वाचल्यामुळे.

परत वळणारा बाण अभियांत्रिकीतून आला. हॅरल्ड ब्लॅक यांनी 1927 साली दूरध्वनीच्या प्रवर्धकातील विकृती कमी करण्यासाठी निर्गत संदेशाचा काही भाग उलट्या चिन्हाने पुन्हा आत सोडण्याची युक्ती शोधली. 1943 साली आर्तुरो रोसेनब्लूट, नॉर्बर्ट विनर आणि ज्युलियन बिगेलो यांनी एका लेखात ऋण प्रत्याभरणाची कल्पना सजीवांच्या हेतुपूर्ण वर्तनाला लावली. रोसेनब्लूट हे कॅनन यांचे सहकारी होते, त्यामुळे समस्थिती आणि अभियंत्यांचे प्रत्याभरण हे दोन विचार एकत्र येण्याचा दुवा एका माणसातच होता, असे म्हणता येईल. विनर यांचे सायबरनेटिक्सवरील पुस्तक 1948 साली आल्यानंतर शरीराला नियंत्रणयंत्रणा म्हणून पाहण्याची पद्धत रुळत गेली. शेरिंग्टन यांचे घटक, कॅनन यांची स्थिरता आणि अभियंत्यांचा बाण एकत्र आले, तेव्हा आजचा तक्ता शक्य झाला.

तो तक्ता प्रत्यक्ष कसा चालतो, हे आडवा झालेला माणूस उभा राहतो त्या क्षणी पाहता येते. उभे राहताच सुमारे 500 ते 700 मिलिलिटर रक्त पाय आणि पोटाच्या शिरांत उतरते. हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त घटते आणि दाब घसरतो. त्यातच कॅरॉटिड सायनस हृदयाच्या वर असल्यामुळे, हृदयाच्या पातळीवर दाब जसाच्या तसा राहिला तरी, साधारण 20 सेंटिमीटर उंचीच्या फरकापायी सायनसमध्ये तो सुमारे 15 मिलिमीटर पारा इतका कमी भरतो. भिंतीचा ताण उतरतो आणि मज्जातंतूतील स्पंदने विरळ होतात. सायनसची बातमी नवव्या कपालीय मज्जातंतूतून आणि महाधमनीची बातमी व्हेगसमधून मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील एका केंद्रकसमूहापर्यंत पोहोचते. तेथून व्हेगसचा लगाम सैल होतो आणि अनुकंपी तंतूंची क्रिया वाढते. परिणामी ठोके वाढतात, लहान धमन्या आकुंचन पावतात आणि शिराही आवळल्या जाऊन रक्त हृदयाकडे ढकलले जाते. व्हेगसचा परिणाम ठोक्याठोक्याला दिसतो, तर धमन्यांच्या आकुंचनाला काही सेकंद लागतात. म्हणूनच घाईने उठल्यावर क्षणभर डोळ्यांसमोर अंधारी येऊ शकते.

ही दुरुस्ती पूर्ण नसते, हेही अभियंत्यांच्या भाषेमुळे नेमकेपणाने मांडता आले. समजा, ही यंत्रणा नसती तर दाब 30 मिलिमीटरने पडला असता, पण यंत्रणेमुळे तो फक्त 10ने पडला. दुरुस्ती 20ची झाली आणि 10ची चूक शिल्लक राहिली. दुरुस्ती भागिले शिल्लक चूक, म्हणजे येथे 2, हे त्या नियंत्रणाचे बळ. चूक अगदी शून्य झाली तर दुरुस्ती टिकवून ठेवणारा संदेशही उरणार नाही. म्हणून ‘रक्तदाब पूर्ववत होतो’ हे तक्त्यातील वाक्य काटेकोर अर्थाने खरे नाही. तो पूर्ववत होण्याच्या जवळ येतो.

वर्तुळ कुठे तुटले, हे ओळखण्याचा मार्गही या चौकटीतूनच मिळतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब 20 किंवा खालचा 10 मिलिमीटरने उतरला, तर त्याला स्थितिजन्य अल्परक्तदाब म्हणतात. अशा वेळी ठोके मोजणे महत्त्वाचे असते. एका रुग्णाचा वरचा दाब 130वरून 100वर आला आणि ठोके 70वरून 105 झाले, तर ग्राही, केंद्र आणि हृदयाकडे जाणारा मार्ग काम करीत आहेत; दोष बहुधा रक्ताच्या घटलेल्या आकारमानात, म्हणजे निर्जलीकरणात किंवा रक्तस्रावात शोधावा लागेल. दुसऱ्याचा दाब तितकाच उतरला, पण ठोके 70वरून 74च झाले, तर मज्जातंतूंच्या मार्गातच बिघाड असण्याची शक्यता मोठी, उदाहरणार्थ दीर्घकाळच्या मधुमेहात स्वायत्त तंतूंना झालेली इजा. अर्थात ठोके मंदावणारी औषधे चालू असतील, तर हा निष्कर्ष इतक्या सरळपणे काढता येत नाही.

आता या ओळीची मर्यादा. 1956 साली मक्कबिन, ग्रीन आणि पेज यांनी मूत्रपिंडजन्य उच्च रक्तदाब असलेल्या कुत्र्यांमध्ये दाखवले की, दाब बराच काळ वाढलेला राहिला की ग्राही त्या वाढीव पातळीशी जुळवून घेतात आणि तिलाच सामान्य मानून तिचे रक्षण करू लागतात. पुढे 1973 साली काउली, लिआर्ड आणि गायटन यांनी कुत्र्यांमधील या ग्राहींचे मज्जातंतू तोडून दिवसभराचा दाब सतत नोंदवला. दाबाचे चढउतार फार वाढले, पण चोवीस तासांची सरासरी सामान्याच्या जवळच राहिली. याचा अर्थ असा की, ही यंत्रणा क्षणाक्षणाचे हेलकावे आवरते. दाबाची दीर्घकालीन पातळी ठरवण्याचे काम मुख्यतः तिच्याकडे नाही.

गायटन यांच्या मते ते काम मूत्रपिंडांकडे आहे. धमनीतील दाब वाढला की मूत्रपिंडे अधिक मीठ आणि पाणी बाहेर टाकतात, रक्ताचे आकारमान घटते आणि काही तासांपासून काही दिवसांत दाब खाली येतो. येथे मज्जातंतू आणि संप्रेरके मूत्रपिंडाचे काम कमीअधिक करतात, परंतु मूळ क्रियेसाठी लंबमज्जेसारखे वेगळे केंद्र दाखवता येत नाही. दाबाची जाणीव, प्रतिसादाचे प्रमाण आणि कृती एकाच अवयवात घडतात. साखरेच्या नियमनातही असेच काहीसे दिसते, कारण स्वादुपिंडातील बीटा पेशी साखर ओळखते आणि इन्सुलिनही तीच सोडते. म्हणून रक्तदाबासाठी तक्त्यात निदान दोन ओळी हव्यात: सेकंदांत चालणारी, चारही रकाने भरलेली, आणि दिवसांत चालणारी, जिच्यात दुसरा, तिसरा आणि चौथा रकाना जोडून तिथे ‘मूत्रपिंड’ एवढेच लिहावे लागते.