दिनारंभ (कालगणनेतील)

दिवस कोणत्या क्षणी बदलतो, हे ठरवण्याची पद्धत. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि पुढच्या सूर्योदयापर्यंत तोच राहतो. या कालावधीला सावन दिवस म्हणतात. हिजरी आणि ज्यू कालगणनेत सूर्यास्ताला नवा दिवस लागतो. दिवसाउजेडी घडलेल्या गोष्टीचा वार तिन्ही पद्धतींत एकच येतो. घोटाळा होतो तो रात्रीचा.

सूर्यास्त ते मध्यरात्र या वेळात हिजरी दिवस पुढे गेलेला असतो, पंचांग आणि इंग्रजी तारीख मागेच असतात. मध्यरात्र उलटली की इंग्रजी तारीख पुढे जाते आणि पंचांग एकटे मागे राहते. म्हणून पहाटे तीन वाजता जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर मंगळवारची तारीख असते, तर कुंडलीत वार सोमवार असतो. दोन्ही बरोबरच असतात.

शिवराज्याभिषेकाची नोंद हे याचे उत्तम उदाहरण आहे. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या कालक्रमवार नोंदींत, शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार असे देऊन तीन घटिका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले, असे म्हटले आहे. आपण मात्र राज्याभिषेक दिन त्रयोदशीला साजरा करतो, आणि ६ जून १६७४ या तारखेला शनिवार होता. शकावलीकार चुकला, असे वरवर पाहता वाटेल.

तो चुकलेला नाही. एक घटिका २४ मिनिटांची, म्हणजे तीन घटिका ७२ मिनिटे. आजच्या घड्याळाने त्या दिवसांत रायगडावर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा सिंहासनारोहणाची वेळ पहाटे पावणेपाचच्या आसपास येते. मध्यरात्र होऊन गेली होती, म्हणून तारीख ६ जून, शनिवार. सूर्य अजून उगवायचा होता, म्हणून पंचांगाचा वार शुक्रवारच.

राहिली तिथी. ती मध्यरात्रीला बदलत नाही आणि सूर्योदयालाही नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की तिथी संपते, मग ती वेळ कोणतीही असो. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचे नाव सबंध दिवसाला मिळते, एवढाच सूर्योदयाशी तिचा संबंध. शकावलीत तिथीपुढे २१ घटी ३४ पळे हे आकडेही आहेत. शुक्रवारच्या सूर्योदयानंतर द्वादशी किती वेळ उरली होती, ते हे आकडे सांगतात: सुमारे ८ तास ३८ मिनिटे. म्हणजे दुपारी अडीचच्या पुढे द्वादशी संपून त्रयोदशी लागली होती. दिवसाचे नाव द्वादशी, पण प्रत्यक्ष क्षणी त्रयोदशी. (६ जून ही तारीख इंग्रज तेव्हा वापरत असलेल्या जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने ती १६ जून येते. हा दहा दिवसांचा फरक निराळा, त्याची दिनारंभाशी गल्लत करू नये.)

दिवसाला सूर्योदयाच्या तिथीचे नाव देण्याच्या नियमामुळे पंचांगातले आकडे सरळ चालत नाहीत. तिथी साधारण २० ते २७ तासांची असते. एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिच्या वाट्याला एकही दिवस येत नाही, तो क्षय. दोन सूर्योदय तिच्यात आले तर वृद्धी, म्हणजे लागोपाठ दोन दिवस तोच आकडा. सूर्योदयाची वेळ गावोगाव वेगळी असल्याने सीमेवरच्या तिथीचा दिवस पुण्यात एक आणि लंडनमध्ये दुसरा येऊ शकतो. सणांना मात्र हा नियम सरसकट लागू नाही. गणेश चतुर्थीला मध्यान्ही, तर संकष्टीला चंद्रोदयी चतुर्थी असावी लागते.

सूर्यास्ताच्या गणनेत रात्र येणाऱ्या दिवसाची असते. ‘जुमेरात’ या शब्दातच ते दिसते: शब्दाचा अर्थ जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची रात्र, पण तो गुरुवारचे नाव झाला आहे. कोकणातले बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होतो.

मराठी दफ्तरात सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची अशा दोन्ही रीती एकत्र सापडतात. पेशवाईतल्या पत्रांवर ‘छ’ म्हणजे चंद्र, हे अक्षर घालून अरबी महिन्याची तारीख देत. अशी तारीख रात्रीच्या प्रसंगाशी जोडलेली असेल, तर इंग्रजी तारीख काढताना एका दिवसाची चूक सहज होते. त्यावर वाराचा ताळा उपयोगी पडतो. पत्रात वार दिला असेल तर काढलेल्या तारखेचा वार त्याच्याशी जुळवून पाहावा. एका दिवसाचा फरक आला तर पत्र खोटे ठरवण्याआधी प्रसंगाची वेळ शोधावी. ‘इतकी घटिका रात्र’ असा उल्लेख असून वार पंचांगाचा असेल आणि वेळ मध्यरात्रीनंतरची असेल, तर इंग्रजी तारीख एक दिवस पुढची धरावी.