टीव्हीची शिट्टी ऐकू येईनाशी होते तेव्हा

ज्यांच्या लहानपणी घरात काचेच्या पडद्याचा जाडजूड टीव्ही होता, त्यांना एक आवाज आठवत असेल. कुणीतरी आवाज पूर्ण बारीक करून टीव्ही तसाच चालू ठेवलेला असायचा, आणि शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मला तो चालू आहे हे कळायचं. एक अतिशय बारीक, टोकदार 'ईऽऽ' कानात शिरायची. आईला सांगितलं की ती म्हणायची, "अरे, काही आवाज नाहीये, बंदच असेल." जाऊन बघावं तर चालू!

तो भास नव्हता. आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र ६२५ आडव्या रेषांचं असायचं आणि असं पूर्ण चित्र सेकंदाला २५ वेळा रंगवलं जायचं. ६२५ गुणिले २५, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. प्रत्येक रेषेला विजेचा एक झटका, आणि त्या झटक्यांनी आतला ट्रान्सफॉर्मर, ज्याला टीव्ही दुरुस्त करणारे ईएचटी म्हणतात, त्याच तालात थरथरायचा. त्यातून निघणारा सूर बरोबर १५,६२५ हर्ट्झचा. माझ्या दहा वर्षांच्या कानाला तो ऐकू येत होता, आईच्या चाळिशीतल्या कानाला येत नव्हता. आज तसा टीव्ही समोर आणून ठेवला तर मलाही बहुधा येणार नाही.

असं का होतं हे कळायला कानाच्या आत जावं लागतं. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली, उलगडली तर साधारण साडेतीन सेंटिमीटर भरेल अशी एक नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात लांबभर एक पडदा ताणलेला असतो. नळीच्या तोंडाशी तो अरुंद आणि ताठ, तर शेवटच्या टोकाशी रुंद आणि सैल. त्यामुळे बारीक, उंच सूर तोंडाशीच पडदा हलवतात आणि खर्जातले सूर पार आतल्या टोकापर्यंत जातात. पेटीच्या पट्ट्यांसारखी प्रत्येक सुराची जागा ठरलेली. पडद्यावर सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. त्यांतल्या बाहेरच्या रांगांमधल्या सुमारे बारा हजार पेशी नुसत्या ऐकत नाहीत, तर स्वतः आखूड-लांब होऊन क्षीण कंपनांना जोर देतात. एका अर्थाने त्या कानातला ॲम्प्लिफायरच आहेत.

या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि सगळ्यात आधी मरतात त्या नळीच्या तोंडाशी असलेल्या, म्हणजे उंच सुरांच्या. काही औषधांचा फटकाही तिथेच लवकर बसतो. म्हणून वयानुसार ऐकणं सगळीकडून सारखं कमी होत नाही. ते वरच्या टोकाकडून झिजत येतं, आणि ही झीज म्हातारपणाची वाट बघत नाही, तरुणपणीच सुरू झालेली असते.

वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी २००५ साली यावरच एक यंत्र बनवलं. दुकानापुढे घोळका करणाऱ्या पोरांना पिटाळण्यासाठी ते १७,४०० हर्ट्झच्या आसपासचा त्रासदायक सूर सोडायचं. मोठी गिऱ्हाइकं बिनघोर येत-जात. ज्यांना तो सूर ऐकू येतो त्यांनाच शिक्षा, मग ते तान्हं बाळ का असेना, हे मला पटत नाही. पोरांनी मात्र तसाच सूर फोनची रिंगटोन म्हणून वापरला, म्हणजे वर्गात फोन वाजला तरी मास्तरांना कळू नये!

मग 'तुमच्या कानाचं वय ओळखा' अशा चाचण्या आल्या. फोनवर ८,००० हर्ट्झपासून सूर चढत जातो, ऐकू येईनासा झाला की थांबायचं, आणि फोन तुमचं वय सांगतो. गेल्या दिवाळीत आम्ही घरात हे केलं. फोन टेबलावर ठेवून मी १३,००० ला थांबलो. तोच फोन उचलून कानाशी धरला तर १४,००० सुद्धा ऐकू आलं. इअरफोन लावला आणि आवाज दोन घरं वाढवला, तर त्याच्याही वर. दहा मिनिटांत माझा कान बराच तरुण झाला.

असं होण्याचं खरं कारण असं, की ऐकण्याची वरची मर्यादा ही भिंत नाही, तो चढ आहे. निरोगी तरुण कानाला १,००० हर्ट्झचा सूर जेमतेम २-३ डेसिबलला कळतो. १६,००० हर्ट्झला तोच कान सुमारे ४० डेसिबल मागतो आणि १८,००० ला सुमारे ७०. म्हणजे शेवटच्या २,००० हर्ट्झमध्ये ३० डेसिबलचा चढ. त्याच हिशेबाने आवाज १५ डेसिबलने कमी-जास्त केला की 'मर्यादा' हजारभर हर्ट्झने सरकते. आवाज किती होता हे सांगितल्याशिवाय 'मला १५,००० पर्यंत ऐकू येतं' या वाक्याला अर्थच उरत नाही.

आणि फोनवरच्या चाचणीत नेमकं तेच कुणाला ठाऊक नसतं. छोट्या स्पीकरचा जोर या पट्टीत वर-खाली होतो, प्रत्येक फोनचा वेगळा. आवाजाची फाईल लहान करताना १६,००० च्या वरचं बऱ्याचदा कापूनच टाकतात, मग तिथे ऐकायला काही नसतंच. शिवाय १५,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी फक्त २.३ सेंटिमीटर असते. भिंतीवरून परतलेली लहर थेट आलेल्या लहरीला कुठे जोर देते, कुठे खोडून टाकते. मान बोटभर वळवली की सूर गायब, परत वळवली की हजर.

याच्या उलट फसगतही होते. जोर मर्यादेपलीकडे वाढवला तर सूर फाटतो आणि त्याच्या तिप्पट कंप्रतेचा एक भुताटकी सूर तयार होतो. १५,००० ची तिप्पट ४५,०००. पण सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या डिजिटल आवाजात ४५,००० मावत नाही. तो दुमडून दोहोंच्या फरकावर, म्हणजे ९०० हर्ट्झवर येऊन बसतो. आजोबाही तो ऐकतात आणि "आला, आला" म्हणतात. ओळखायचं कसं? खरा उंच सूर चिमटीत धरल्यासारखा बारीक लागतो. सूर चढत असताना कानात काहीतरी जाडसर ऐकू येऊ लागलं, किंवा उतरतंय असं वाटलं, तर तो सूर नाही, फाटलेला आवाज आहे. सुरू आणि बंद होतानाचा 'टक्' सुद्धा असाच दगा देतो.

ऑडिओलॉजिस्टकडे हे सगळं बांधून घेतलेलं असतं. खोली बंदिस्त, हेडफोनचा जोर मोजून ठरवलेला. सूर कधी येणार हे तुम्हाला दिसत नाही, कारण माहीत असलं की मन तो ऐकतंच. ऐकू आला की १० डेसिबल खाली, नाही आला की ५ वर, असं करत निम्म्या वेळा ऐकू येणारी पातळी शोधतात. नेहमीची तपासणी ८,००० हर्ट्झलाच थांबते, कारण बोलणं त्याच्या खालीच असतं.

त्याच्या वरची तपासणी निरुपयोगी नाही. क्षयावर दिलं जाणारं ॲमिकासिन किंवा कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे कान आधी वरच्या टोकालाच जातात. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी एकदा आणि मग ठरावीक दिवसांनी तीच तपासणी, त्याच यंत्रावर करतात. तिथे दुसऱ्या कुणाशी तुलना नसते, फक्त त्याच माणसाच्या आधीच्या आकड्याशी असते, आणि तेवढ्यावर डॉक्टरला औषधाची मात्रा बदलायची की नाही ते ठरवता येतं.

आमच्या दिवाळीच्या खेळात बाबा ९,००० च्या आतच थांबले. पण त्यांची खरी तक्रार वेगळीच आहे. चार जण एकदम बोलू लागले की स, श, फ निसटतात, आणि कोण काय म्हणालं ते लागत नाही. त्याचं उत्तर फोनमधल्या सुरात नव्हतं. पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना ऑडिओलॉजिस्टकडे घेऊन गेलो. तिथे सूर वाजवून झाल्यावर गोंगाट लावून शब्दही म्हणून घेतले, आणि बाबा कुठे अडतात हे पहिल्यांदाच कागदावर आलं.