कूलर निघाल्यावर दिसणारी काच: रद्दी, मायक्रोफायबर आणि व्हिनेगर यांच्या वादाची पार्श्वभूमी

नागपुरात जूनच्या अखेरीस पावसाचा जम बसला की खिडकीतले कूलर काढले जातात आणि त्यांच्या शेजारची काच तीन-चार महिन्यांनी पहिल्यांदा नीट नजरेस पडते. तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट जाळी धरलेली असते. ओल्या फडक्याने पुसली की ती क्षणभर नाहीशी होते आणि काच वाळताच पुन्हा उमटते. शिवाय हात जसा फिरला तसे पट्टेही दिसू लागतात. मग दरवर्षीचा प्रश्न निघतो, की काच रद्दीने पुसावी, मायक्रोफायबरच्या कापडाने पुसावी की व्हिनेगरच्या पाण्याने. माझ्या मते या तिघांना एका रांगेत बसवून त्यांतून एकाची निवड करायला लावणे हीच मूळ चूक आहे. कागद आणि कापड काचेवरचे पाणी उचलतात, तर व्हिनेगर काचेला चिकटलेला क्षार विरघळवते. ही दोन निराळी कामे एकाच प्रश्नात कशी येऊन पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

फार मागे जाण्याची मात्र गरज नाही. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा होत्या. घरात काच असे ती आरशाची, तसबिरींची आणि कंदिलाची. कंदिलाची काच राखेने घासली जाई आणि आरशाला जुन्या धोतराचा मऊ तुकडा पुरे. वीतभर काच पाणी वाळण्याआधीच पुसून होत असल्यामुळे पट्ट्यांची तक्रार करण्याचे कारणच नव्हते. ते कारण फ्लॅट स्कीमबरोबर आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांबरोबर आले. तीन फूट बाय चार फुटांच्या काचेवर हात वरून खालच्या कोपऱ्यात पोहोचेपर्यंत वरचा भाग वाळून गेलेला असतो आणि पाण्यात जे काही विरघळलेले होते ते तिथेच मागे राहते. पट्टा म्हणजे हे मागे राहिलेले द्रव्य. तो साबणाचा असू शकतो, तेलकट धुळीचा असू शकतो किंवा पाण्यातल्या क्षाराचा असू शकतो, आणि यांपैकी तो कशाचा आहे यावर पुढचा सगळा उपाय अवलंबून असतो.

रद्दीचा कागद या कामाला आला तो त्याच्या घडणीमुळे. वर्तमानपत्राचा कागद मुख्यतः लाकूड यंत्राने दळून केलेल्या लगद्याचा असतो आणि त्याला लिहिण्याच्या कागदासारखी खळ नसते. जुन्या मध्यप्रांतात, बुऱ्हाणपूरच्या बाजूला उभ्या राहिलेल्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सालई आणि बांबूपासून हा कागद निघू लागला. अशा कागदाचा बोळा पाणी भराभर शोषतो, घासायला पुरेसा खरखरीत असतो आणि सुती फडक्यासारखे तूस मागे सोडत नाही. छपाईच्या शाईतल्या काजळीमुळे काचेला झळाळी येते असे अनेक घरांत आजही सांगितले जाते. मला ते पटत नाही, कारण छपाई न झालेल्या त्याच कागदाच्या बोळ्याने काच तितकीच लख्ख होते, असे मी दोन्ही शेजारी-शेजारी वापरून पाहिले आहे. शाईने जे होते ते उलट त्रासाचे आहे. वर्तमानपत्राची शाई पूर्ण वाळून घट्ट होत नाही, कागदात मुरून राहते, त्यामुळे ओल्या बोळ्यातून ती हाताला, पांढऱ्या चौकटीला आणि कोपऱ्यातल्या रबरी पट्टीला लागते. चकचकीत पुरवणीचे पान तर या कामाला घेऊच नये. त्यावरच्या लेपामुळे ते पाणी शोषत नाही, नुसते पसरवते.

आता व्हिनेगर. या वादातला खरा गुंता या एका शब्दात आहे. मराठीत त्याला पूर्वापार शिरका म्हणत आणि शिरका म्हणजे उसाच्या रसाचा किंवा जांभळाचा आंबवलेला द्रव. काच पुसण्याचा सल्ला मात्र परदेशी घरकामाच्या सदरांतून आपल्याकडे आला आणि तिथे अभिप्रेत होते ते पाण्यासारखे रंगहीन, पांढरे व्हिनेगर. आपल्या स्वयंपाकघरात तशी बाटली आली ती घरोघरी नूडल्स आणि मंचुरियन होऊ लागले तेव्हा, आणि ती बहुधा कृत्रिम व्हिनेगरची असते. तिच्या लेबलावर ते ॲसिटिक आम्लापासून बनवल्याचे छापलेले असते आणि त्यात आम्लाचे प्रमाण साधारण ४ टक्के असते. खाण्याच्या दृष्टीने आंबवलेले व्हिनेगर श्रेष्ठ मानले जाते, म्हणून अनेक जण काचेसाठीही सफरचंदाचे किंवा जांभळाचे व्हिनेगर घेतात. काचेसाठी हा क्रम नेमका उलटा लावावा लागतो. आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये फळातले रंगद्रव्य आणि इतर घन पदार्थ उरलेले असतात आणि पाणी उडाल्यावर तेच चिकट पट्टा होऊन बसतात. कृत्रिम व्हिनेगरमध्ये आम्ल आणि पाणी यांखेरीज जवळजवळ काही नसते आणि ती दोन्ही उडून जातात. शब्दाचा तिसरा अर्थ धोक्याचा आहे. काही जण रसायनांच्या दुकानातून ॲसिटिक ॲसिड आणून त्यालाच व्हिनेगर म्हणतात, पण त्या बाटलीत जवळजवळ शुद्ध आम्ल असू शकते आणि ते कातडी व डोळे भाजते. घरात ते आणूच नये.

शब्द सुटला तरी दुसरा गोंधळ उरतो, आणि तो आमच्या बेलतरोडीच्या घरातल्या एका खिडकीने मला शिकवला. तिथे वापराला बोअरचे पाणी आहे आणि कूलरही त्याच पाण्यावर चालतो. कूलरच्या टाकीतले पाणी दिवसभर उडत राहते, पण क्षार टाकीतच साठत जातो, त्यामुळे मे महिन्यात काचेवर उडणारा थेंब नळातून आलेल्या थेंबापेक्षा कितीतरी खारा असतो. मी अर्धे कृत्रिम व्हिनेगर आणि अर्धे बोअरचे पाणी असे मिश्रण करून डावी काच रद्दीने घासली. ठिपके गेले, पण काच वाळल्यावर तिच्यावर सारखा, दुधट पडदा राहिला. घरकामाला येणाऱ्या मावशी काचेकडे पाहून म्हणाल्या, "बोरचं पाणी आहे न ताई, कागद त्याले काय करन?"

त्यांचे निदान अचूक होते. ठिपका मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो साध्या पाण्यात विरघळत नाही. आम्लाशी गाठ पडली की त्याचे कॅल्शियम ॲसिटेट होते आणि ते पाण्यात विरघळते. विरघळते, पण नाहीसे होत नाही. पाणी काचेवरच वाळू दिले तर तेच ॲसिटेट पांढरा थर होऊन परत बसते, आणि मिश्रणातल्या बोअरच्या पाण्याने त्यात स्वतःच्या कॅल्शियमची भर घातलेली असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. ॲसिटेटचा पडदा ओल्या बोटाने लगेच निघतो, कार्बोनेटचा ठिपका निघत नाही.

उजव्या काचेला मी क्रम बदलला. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडली, कारण आपल्याकडच्या धुळीत बारीक रेती असते आणि ती ओल्या फडक्याखाली काचेवर चरे पाडते. मग एक वाटी कृत्रिम व्हिनेगर आणि एक वाटी एसीच्या नळीतून गळणारे पाणी गाळून एकत्र केले. हे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते फारसे जमत नाही, पण जूनअखेर सहज बादलीभर मिळते. ते नसेल तेव्हा पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीचे पाणी चालते आणि आरओचे पाणीही बोअरच्या पाण्यापेक्षा बरेच चांगले पडते. जुने सुती फडके या मिश्रणात भिजवून दहा मिनिटे काचेला चिकटवून ठेवले, कारण आम्लाला घासण्यापेक्षा वेळ हवा असतो. त्यानंतर एसीच्याच साध्या पाण्याने काच एकदा पुसून घेतली आणि ती ओली असतानाच वरून खाली कोरड्या मायक्रोफायबरने टिपली. डाव्या काचेवर घेतलेल्या कष्टांच्या निम्म्या कष्टांत ती निर्मळ झाली. हे सगळे सकाळी सात वाजता केले, कारण ऊन आलेल्या काचेवरचे पाणी टिपण्याआधीच उडून जाते.

दोन गोष्टी मात्र व्हिनेगरच्या हातात नाहीत. अनेक उन्हाळे तसाच राहिलेला क्षार खालची काचच खरवडतो किंवा त्यात सिलिका असते; दहा मिनिटे भिजवण्याच्या दोन फेऱ्या करूनही डाग हलला नाही, तर तिसरीने तो हलणार नाही. दुसरी गोष्ट खिडकीच्या खालच्या फरशीची आहे. कोटा, कडप्पा आणि संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड आहेत आणि व्हिनेगरचा ओघळ त्यांची झिलई कायमची घालवतो, म्हणून फरशीवर आधी प्लास्टिक अंथरावे. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा मिसळण्याची पद्धतही अलीकडे पसरली आहे. त्यात दोघे एकमेकांचे काम संपवतात आणि सोडियम ॲसिटेटचा आणखी एक पट्टा काचेवर ठेवून जातात.

मायक्रोफायबर या सगळ्यात सर्वांत उशिरा आले. १९७० च्या सुमारास जपानमध्ये अतिसूक्ष्म तंतू विकसित झाले आणि १९९० नंतर पुसण्याची कापडे म्हणून ते युरोपातून जगभर पसरले. पॉलिएस्टर आणि नायलॉन यांचा संयुक्त तंतू चिरून त्याच्या फाका केलेल्या असतात, आणि या फाकांमधल्या फटी पाणी व तेलकट थर दोन्ही ओढून घेतात. तेलकट थर व्हिनेगरला नीट निघत नाही आणि कागदाने अर्धवट निघतो, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी मी कापडच घेते. काचेसाठी ते गुळगुळीत विणीचे असावे. गाड्या पुसायचे जाड, लवदार कापड काचेवर बारीक तूस ठेवते. लोक हे कापड दोन-तीन महिन्यांत निकामी झाले म्हणून पुन्हा रद्दीकडे वळतात, त्याचे कारण बहुतेक वेळा धुण्यात असते. कपडे मऊ करणाऱ्या द्रावाने त्या फटी बुजतात आणि टॉवेलांबरोबर धुतले की त्यांत सुताचे तूस भरते. ते वेगळे, थोड्या साबणात धुवावे आणि सावलीत वाळवावे.

आरशाला खिडकीचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. काचेच्या पाठीवर चांदीचा थर देण्याची रासायनिक रीत १८३५ च्या सुमारास जर्मनीत निघाली आणि आजच्या आरशांपैकी बहुतेकांमागे तशीच चांदी, तिच्यावर अनेकदा तांब्याचा पातळ थर आणि शेवटी रंग असतो. कापलेल्या कडेशी हे थर उघडे राहतात. आरशावर थेट फवारलेले व्हिनेगर किंवा अमोनियाचे निळे द्रावण ओघळून खालच्या कडेशी थांबते, मागे शिरते आणि चांदी काळी पडू लागते. न्हाणीघरातल्या आरशांच्या खालच्या कडेला दिसणारी काळी, वेडीवाकडी किनार बऱ्याचदा अशीच तयार होते. म्हणून आरशासाठी क्षारविरहित पाणी कापडावर घ्यावे, कापड घट्ट पिळावे आणि कडेपासून बोटभर आत थांबून ती पट्टी कोरड्या कापडाने पुसावी. किनार एकदा काळी पडली की ती समोरून पुसून जात नाही. काचवाल्याकडून तेवढी पट्टी कापून घ्यावी लागते.