सुटाची शेरवानी सोपी, शेरवानीचा सूट अवघड

नवरदेवाच्या डोक्यापासून पायापर्यंतच्या फोटोत एआयकडून सुटाची शेरवानी करून घ्यायची, तर आधी मास्क, म्हणजे बदलाची जागा दाखवणारा थर, रंगवावा लागतो. जिथे नवं चित्र हवं तेवढाच भाग पांढरा करायचा. स्टेबल डिफ्यूजनसारखं चित्रं तयार करणारं एआय प्रारूप त्या भागात आधी निव्वळ ठिपक्यांचा गोंधळ भरतं आणि आजूबाजूचं चित्र व आपलं वर्णन पाहत तो टप्प्याटप्प्याने निवळत नेतं.

बरेच जण मास्क नेमका सुटाच्या कडेने रंगवतात. मग गुडघ्यापर्यंत येणाऱ्या शेरवानीला जागाच उरत नाही आणि भरजरी कोट तयार होतो. दोन्ही पायांमधली फट आणि मांड्यांच्या बाहेरची थोडी जागाही मास्कमध्ये हवी. वर बंद गळा येणार, म्हणून टाय आणि शर्टाची कॉलर हनुवटीखालपर्यंत घ्यायची. हार आणि हात मात्र वगळायचे, कारण प्रारूपाने नव्याने काढलेल्या बोटांवर भरवसा ठेवता येत नाही.

एवढं करूनही बटणं बिघडतात, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. समजा, फोटो १,०२४ पिक्सेल उंचीचा केला आणि १७० सेंटिमीटर उंचीचा नवरदेव त्यातले ९०० पिक्सेल व्यापतो. म्हणजे एका सेंटिमीटरला जेमतेम ५ पिक्सेल आले, आणि दीड सेंटिमीटरच्या बटणाला ८. आता हे प्रारूप थेट पिक्सेलवर काम करत नाही. ते चित्र आधी आक्रसून घेतं, त्यात दर ८ बाय ८ पिक्सेल मिळून एकच चौकोन होतो. अख्खं बटण एका चौकोनात! जरीचा धागा तर त्याहून कितीतरी बारीक. म्हणून बटणं एकमेकांत मिसळतात, नक्षी लापशीसारखी होते.

उपाय असा: आधी पूर्ण आकृतीवर शेरवानीचा घेर आणि चुण्या बसवायच्या. मग छातीचा साधारण ५० सेंटिमीटरचा भाग कापून तो १,०२४ पिक्सेलचा करायचा आणि तेवढ्यावरच पुन्हा काम करायचं. आता बटणाला ३० पिक्सेल मिळतात. बदलाची तीव्रता, म्हणजे जुनं चित्र किती बदलायचं ते ठरवणारा ० ते १ मधला आकडा, ०.४ च्या आसपास ठेवली की चुण्या टिकतात आणि नक्षी नव्याने उमटते. आक्रसून पुन्हा उलगडताना मास्कबाहेरचा चेहराही किंचित बदलतो, त्यामुळे शेवटी मास्कबाहेरचा सगळा भाग मूळ फोटोतून परत बसवायलाच हवा.

उलटं काम मला जास्त कठीण वाटतं. शेरवानी काढली की तिच्यामागे काय होतं, हे कॅमेऱ्याने टिपलेलंच नसतं. पायांमधली फट, मागच्या स्टेजची पायरी, शेजारी उभ्या नवरीच्या शालूचा काठ, हे सगळं प्रारूप अंदाजाने रचतं. तपासायचं तर पायरीची रेघ डावीकडून धरून दोन पायांमधून उजवीकडे न्यावी; ती मध्येच वर-खाली सरकलेली दिसली, तर तेवढ्या फटीचा छोटा मास्क करून तो भाग पुन्हा भरावा.