वजन घटवणं आणि वजन तोडणं: काट्यावर सारखंच, शरीरात वेगळं

61 किलोचा एक मल्ल 57 किलोच्या गटात खेळायचं ठरवतो. एकजण हे चार किलो दोन महिन्यांत उतरवतो, दुसरा चार दिवसांत. वजन देताना काटा दोघांचंही 57 दाखवतो, म्हणून दोघांनी एकच गोष्ट केली असा समज होतो. कित्येक प्रशिक्षक दोन्हीला ‘वजन कमी करणं’च म्हणतात. प्रत्यक्षात पहिल्याने वजन घटवलं, म्हणजे त्याची चरबी गेली आहे, आणि दुसऱ्याने ते तोडलं, म्हणजे त्याचं मुख्यतः पाणी गेलं आहे.

हे साध्या हिशेबातून कळतं. एक किलो चरबी उतरवायला साधारण 7,700 कॅलरींची तूट लागते. रोज 500 कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरतो, म्हणजे चार किलोंना दोन महिने. आता दुसरं टोक पाहा. मल्लाने दिवसभर काहीच खाल्लं नाही आणि सराव धरून दिवसभरात तीन हजार कॅलरी जाळल्या, तरी त्या दिवशी चरबी जास्तीत जास्त 400 ग्रॅमच्या आसपास जाईल. म्हणून एका दिवसात काटा दीड-दोन किलोंनी खाली आला, तर त्यातलं बहुतेक चरबी नाही, हे कोणत्याही तपासणीशिवाय सांगता येतं.

मग दुसऱ्या मल्लाचे चार किलो गेले कुठे? भात-पोळी-साखर बंद केली की स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तेही जातं. त्यात साधारण किलो-सव्वा किलो उतरतं. तंतुमय पदार्थ टाळल्याने आतडी रिकामी होतात, आणखी अर्धा किलो. उरलेले सव्वादोन-अडीच किलो मात्र घामातूनच काढावे लागतात, आणि शेवटच्या दिवशी काढावे लागतात. 61 किलोच्या शरीरातून तेवढं पाणी जाणं म्हणजे वजनाच्या साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त. दोन टक्क्यांच्या पुढे दमसास कमी होऊ लागतो, म्हणजे ही मर्यादा आधीच ओलांडलेली असते.

खरा धोका समजून घ्यायचा तर घाम कशासाठी येतो ते पाहायला हवं. घाम गळून पडल्याने शरीर थंड होत नाही. तो त्वचेवरून उडून जाताना उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे 580 कॅलरी उष्णता बाहेर पडते. रबराचा किंवा प्लॅस्टिकचा सूट घातला की ही वाट बंद होते. घाम उडत नाही, आत साचतो आणि बाहीतून ओघळतो. तो इतका निथळताना पाहून सूट ‘काम करतोय’ असं वाटतं, पण त्या प्रत्येक थेंबात शरीराने पाणी गमावलं आणि थंडावा मात्र मिळवला नाही. त्यावर गरम खोलीत सायकल चालवली तर स्नायू नवी उष्णता तयार करतच राहतात.

पुढचं चक्र वेगाने बिघडतं. पाणी गेल्याने रक्ताचं प्रमाण घटतं. प्रत्येक ठोक्याला हृदय कमी रक्त फेकतं, म्हणून ठोके वाढतात. त्वचेकडे जाणारं रक्त कमी होतं आणि आतली उष्णता बाहेर पोचत नाही. शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. त्यांतून पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन रक्तात उतरतं. पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं, आणि आधीच कमी रक्त मिळणारी मूत्रपिंडं मायोग्लोबिनमुळे बंद पडू शकतात. लघवी काळपट तपकिरी होणं ही त्याची खूण असते.

1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत सुमारे पाच आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल असेच गेले. तिघांनी खाणं-पिणं आवळलं होतं, हवाबंद सूट घातले होते आणि गरम जागेत व्यायाम करत होते. ते पोरसवदा होते आणि हे वाचताना आजही जीव हळहळतो, कारण त्यांची पद्धत तेव्हा नेहमीची होती. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट, सौना आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली, वजन सामन्याच्या अगदी जवळ घेणं सुरू झालं, आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त घट नको असा नियम झाला. आपल्या 61 किलोच्या मल्लाला तो आठवड्याला साधारण 900 ग्रॅमची मुभा देतो. मला हा नियम सगळ्यात शहाणा वाटतो, कारण तो फक्त शेवटच्या दिवशी काटा पाहत नाही, उतरण्याचा वेगही पाहतो.

‘वजन दिल्यावर पाणी पिऊन घेतलं की झालं,’ हा दुसरा गैरसमज. काट्यावर वजन लवकर परत येतं, पण ते आधी पोटात आलेलं असतं. साधं पाणी घटाघट प्यायलं तर बरंच लघवीवाटे निघून जातं. ते टिकायला मीठ लागतं, आणि गमावलेल्याच्या सुमारे दीडपट पाणी काही तासांत थोडं थोडं घ्यावं लागतं. ग्लायकोजेन भरायला तर जवळपास एक दिवस लागतो. आंतरराष्ट्रीय कुस्तीत सामन्याच्या दिवशी सकाळीच वजन होतं, आणि पुढे गेलेल्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावं लागतं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट पहिल्या दिवशी 50 किलोत बसली, तीन लढती जिंकली आणि दुसऱ्या सकाळी 100 ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली. लढतींदरम्यान खाल्लं-प्यायलं नाही तर अंगात ताकद राहत नाही, आणि घेतलं तर काटा चढतो. चरबी परतायला आठवडे लागतात. पाणी त्याच दिवशी परततं, कारण शरीराला ते हवंच असतं.

आपण घटवतोय की तोडतोय हे ओळखायचं तर रोज सकाळी लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी वजन घ्यावं. एका रात्रीत एक टक्क्यापेक्षा मोठी घसरण पाण्याची समजावी. लघवी गडद असेल तर खात्रीच. फिकट लघवीवर मात्र विसंबू नये, कारण तपासणीच्या तासभर आधी भरपूर पाणी प्यायलं तर ती तात्पुरती फिकट होते आणि शरीर कोरडंच राहतं.

सरावात एखादा गोंधळून बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा अचानक चिडू लागला तर त्याला ‘आणखी पाचच मिनिटं’ म्हणू नये. घाम चालू आहे म्हणून तो ठीक आहे असंही समजू नये. व्यायामातून आलेल्या उष्माघातात घाम वाहत असतानाही माणूस कोसळतो. सूट लगेच फाडून काढावा, त्याला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवावं आणि डोकं धरून ठेवावं. टब नसेल तर सतत गार पाणी ओतत राहावं. रुग्णवाहिका बोलवावी, पण गार करणं ती येईपर्यंत थांबवू नये.